कोण कोण खोटं बोलत नाही? हात वर करा!

आज सकाळी प्रार्थना झाल्यावर पाहुण्यांनी माइकवरून हा प्रश्न विचारला आणि अख्ख्या मैदानाने हात वर केले. पाचवी ते दहावी, सगळ्यांनी. गृहपाठाची वही रोज 'घरी राहिली' म्हणणाऱ्यांनी, पोटात दुखतंय म्हणून पी.टी.ला बसून मधल्या सुट्टीत कबड्डी खेळणाऱ्यांनी, सगळ्यांनी. मागे आमच्या रांगेतूनही दोन-चार हात गेले, नावं सांगत नाही. पाहुणे खूश! 'शाब्बास' म्हणाले. प्रामाणिकपणावरच्या भाषणात पहिल्याच मिनिटाला सगळ्या शाळेकडून खोटं वदवून घेतलं आणि वर टाळ्या.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण मंगळवारी प्रार्थनासभा माझ्या वर्गाकडे आहे आणि विषय हाच आहे. साचा ठरलेला: एक छोटी गोष्ट, एक प्रश्न, शेवटी सुविचार. आपल्या बडोद्यात, सयाजीरावांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं त्या गावात, मुलांना सकाळी उभं करून आपण त्यांच्यापुढे काय वाढतो, याची लाज कुणालाच कशी वाटत नाही?

मला सारखा आठवतो तो आमचा सातवीतला मुलगा. युनिट टेस्टचे पेपर वाटले. पंचवीसपैकी एकवीस. मधल्या सुट्टीत त्याने स्वतः बेरीज केली, ती अठरा आली. तसाच गेला आणि सरांना सांगितलं. सरांनी लाल पेनाने एकवीसवर काट मारून अठरा केले. इथवर सगळं ठीक, मला त्यात काही खुपत नाही. खुपतं ते पुढचं. दुसऱ्या दिवशी त्याला स्टेजवर बोलावलं, 'आजचा हरिश्चंद्र' म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. तो बुटांकडे बघत उभा. वर्गात परत येताना मागच्या बाकावरून आलं, 'हरिश्चंद्रा, आमचेही मार्क कापून आण!' तेच नाव त्याला अजून चिकटलंय.

तर मंगळवारची गोष्ट. टिळकांच्या शेंगा नकोत. तो मुलगा मुळात दोषीच नाही, म्हणून ठामपणे बोलू शकतो. आपल्या पोरांची अडचण टरफलं आपलीच असतात तेव्हाची. (टिळकभक्तांनी कमेंटमध्ये भांडू नये, माझ्याही घरात तसबीर आहे.) लांडगा आला रे आला पण नको. तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून मग ती खोटं बोलतात का ते पाहणारा एक प्रयोग कॅनडातल्या संशोधकांनी 2014 साली छापला. लांडग्याच्या गोष्टीने काही फरक पडला नाही. चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने मात्र पडला, कारण तिथे खरं सांगणाऱ्याचं कौतुक होतं. गंमत अशी की ती चेरीची गोष्टच चरित्रकाराने रचलेली! आणि हो, कौतुकाने फरक पडतो हे मान्य. पण तीन-सात वर्षांचं पोर वेगळं आणि अख्ख्या शाळेपुढे उभा केलेला सातवीतला मुलगा वेगळा.

मी निवडलीय ती राजकोटची गोष्ट. गांधीजींनी स्वतः आत्मचरित्रात लिहिलीय. हायस्कूलचं पहिलं वर्ष, तपासणीला जाइल्स नावाचे साहेब आलेले. पाच इंग्रजी शब्द लिहायला दिले, त्यातला एक 'केटल'. मोहनचं स्पेलिंग चुकलं. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावलं की शेजारच्याच्या पाटीवर बघ. मोहनने बघितलं नाही. बाकी सगळ्या पोरांचे पाचही शब्द बरोबर, हाच एक बावळट ठरला. शिक्षकांनी नंतर त्याला त्याचा बावळटपणा समजावूनही सांगितला.

आता बघा, ही गोष्ट आपल्याकडे कशी सांगतात: 'बाल मोहन निर्भयपणे म्हणाला, गुरुजी, मी नक्कल करणार नाही!' साफ खोटं. गांधीजी लिहितात की त्यांना ती खूण कळलीच नाही. शिक्षक तर आम्ही कॉपी करू नये म्हणून देखरेखीला आहेत, अशी त्यांची समजूत होती. आणि त्यानंतरही शिक्षकांबद्दलचा आदर कमी झाला नाही. सत्याची गोष्ट सांगताना तिला मीठमसाला लावायचा, ही आमची जुनी खोड. मला ती गोष्ट त्या 'कळलं नाही'मुळेच आवडते. त्यात शूर कोणी नाही. एक मुलगा आहे, एक चुकीचा शब्द आहे, आणि साहेबांपुढे नाक कापलं जाईल म्हणून घाबरलेले एक शिक्षक आहेत. ते शिक्षक मी रोज स्टाफरूममध्ये बघते.

गांधीजींचं नाव ऐकलं की पोरं जांभया देतात, हेही खरंच. म्हणून नाव शेवटी. 'राजकोटच्या शाळेत एक मुलगा होता' इथून सुरुवात, आणि गोष्ट थांबवायची 'सगळ्यांचं बरोबर, त्याचं एकट्याचं चूक' इथे. दीड मिनिटाच्या वर नाही. पुढच्या रांगेतले पाचवीवाले जमिनीवर बसलेले असतात, त्यापुढे ते एकमेकांच्या बुटाच्या नाड्या सोडायला लागतात.

मग प्रश्न. 'तुम्ही कॉपी केली असती का?' हा अजिबात नाही. सगळ्यांदेखत त्याचं एकच उत्तर येतं आणि ते खोटं असतं. 'खोटं बोलावं का?' हाही नाही, त्याला 'नाऽऽही' असा कोरस तयार असतो. माझा प्रश्न त्या मुलाबद्दल नसेल, शेजारच्या बाकांबद्दल असेल: 'साहेब गेले, तो मुलगा खाली बसला. तुम्ही त्याच्या शेजारी आहात. त्याला काय म्हणाल?' हात वर नाहीत, माइकवर उत्तर नाही. शेजारच्याच्या कानात सांगायचं, अर्धा मिनिट. गोंधळ होईल, होऊ दे. या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नाही. कोणी म्हणेल 'येडा आहेस', कोणी म्हणेल 'जाऊ दे रे', आणि दोन्ही खरी असतील. आमच्या सातवीतल्याला अठरा मार्कांनी नाही घायाळ केलं, मागच्या बाकाने केलं. मग प्रश्न मागच्या बाकालाच विचारायला हवा ना?

एक सहकारी म्हणाल्या, 'मग आपल्याच मुलाची गोष्ट सांगा की, जिवंत उदाहरण!' मी नाही म्हटलं. नाव न घेताही सगळे मान वळवून त्याच्याकडे बघणार. एकदा झालं तेवढं पुरे झालं त्याला.

शेवटचा सुविचार फळ्यावर रंगीत खडूने लिहायचा असतो. 'प्रामाणिकपणा हेच सर्वोत्तम धोरण' दर वर्षी असतंच, वेलबुट्टीसकट. मी लिहिणार आहे: 'आज वर्गात कोणी आपली चूक सांगितली तर हसायचं नाही.' आमचे मोठे सर म्हणाले, 'बेन, हा सुविचार कुठे, ही तर सूचना झाली.' झाली खरी. पण शाळा सुटेपर्यंत ती पाळली की नाही, हे पोरांना स्वतःला कळेल. धोरणाचं काय कळणार?

गोष्ट सांगणारी मुलगी गोड आहे, पाठांतर न करता बोलते. फक्त आजीकडून ऐकलेलं 'निर्भयपणे म्हणाला' तिच्या तोंडून दर वेळी निसटतंच. उद्या मधल्या सुट्टीत परत बसतोय. कुणाकडे आत्मचरित्राची मराठी प्रत असेल तर त्या 'केटल'च्या पानाचा फोटो पाठवा, तिला तिच्या डोळ्यांनी वाचू दे. दांडिया बाजारच्या आसपास असाल तर मीच येऊन पुस्तक नेते, बुधवारी परत देईन.