मेलचं कार्ड करायचं, पण कोणत्या मेलचं?

ट्रेलो म्हणजे कामांची कार्डं याद्यांमध्ये लावून ठेवायचा ऑनलाइन बोर्ड. बोर्डाला मेलचा एक लांबलचक पत्ता असतो, त्यावर आलेल्या मेलचं आपोआप कार्ड बनतं. जीमेलला तो पत्ता कसा जोडायचा हे मी आधीच्या एका लेखात लिहिलं होतं. त्यावर दिग्रसहून एका वाचकाची प्रतिक्रिया:

“तुमचा मेलवरून कार्ड बनवायचा लेख वाचून आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत करून पाहिलं. दोन दिवसांत बोर्डावर ७० कार्डं! बँकेचे मेसेज, खताच्या जाहिराती, एकाच ऑर्डरची चार-चार कार्डं. ऑफिसातली मुलगी वैतागली, मीही वैतागलो. हातानं कॉपी करायला दोन मिनिटं लागतात. त्यात आमच्याकडे लाईन अर्धा दिवस नसते. आणि तो लांबलचक पत्ता कुणाच्या हाती लागला तर बोर्डात कुणीही काहीही टाकेल. शहरातल्या ऑफिसचं हे खूळ गावात कशाला आणता?”

भाऊ, बँकेचे मेसेज बोर्डावर आले हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण त्यावरून नेमकं कुठे बिनसलं ते कळतं. तुमच्या जीमेलमधून सगळीच्या सगळी डाक ट्रेलोकडे जाते आहे. यात चूक माझ्या लेखाची आहे. पत्ता जोडायची पायरी मी लिहिली, पण त्याच पानावर पुढे काय करायचं नाही ते लिहायचं राहिलं.

जीमेलच्या सेटिंगमध्ये `Forwarding and POP/IMAP` नावाचं पान आहे. ते मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही, कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडावं लागतं. तिथे `Add a forwarding address` वर जाऊन बोर्डाचा पत्ता टाकला की जीमेल खात्री करण्यासाठी त्या पत्त्यावर एक मेल पाठवतं. आता तो पत्ता तर बोर्डाचा, मग मेल जाणार कुठे? तोही कार्ड होऊनच बोर्डावर येतो. कार्ड उघडायचं, वर्णनात आलेल्या लिंकवर क्लिक करायचं, झाली जोडणी. इथपर्यंत तुमचं बरोबर झालं होतं, नाहीतर एकही कार्ड आलं नसतं.

पण त्यानंतर त्याच पानावर दोन पर्याय दिसतात. `Forward a copy of incoming mail to` निवडून सेव्ह केलं की येणारा प्रत्येक मेल पुढे जातो, मग तो बँकेचा असो की जाहिरातीचा. आपल्याला तिथे `Disable forwarding` च ठेवायचं आहे. नाव वाचून वाटतं की हे ठेवलं तर काहीच जाणार नाही, आणि म्हणूनच माणूस दुसरं बटण दाबतो. प्रत्यक्षात जोडलेला पत्ता तसाच राहतो आणि फिल्टर लावून निवडक मेल त्याच्याकडे पाठवता येतात.

फिल्टर लावण्याआधी आम्ही एक करतो. जी अट लावायची तीच आधी जीमेलच्या शोधपट्टीत टाकून पाहतो. समजा एका खरेदीदाराची ऑर्डर नेहमी एकाच पत्त्यावरून येते आणि सोबत पीडीएफ असते, तर असं लिहायचं:

```
from:(orders@example.com) filename:pdf
```

जुन्या मेलमधून फक्त ऑर्डरीच समोर आल्या तर अट बरोबर. मध्येच त्यांचं दिवाळीचं शुभेच्छापत्र दिसलं तर अट अजून आवळायची, विषयातला एखादा ठरलेला शब्द जोडायचा. मग शोधपट्टीच्या पर्यायांतून `Create filter` आणि पुढे `Forward it to` वर खूण. फिल्टर लावल्यानंतर जे नवे मेल येतील तेच जातात, आधीचे जात नाहीत. त्यामुळे लगेच कार्ड दिसलं नाही तर बिघडलं असं समजू नका.

एका ऑर्डरची चार कार्डं होण्याचं कारण वेगळं आहे. ट्रेलोच्या बोर्डाला मेलची साखळी कळत नाही. खरेदीदारानं ऑर्डर पाठवली, तुम्ही भाव विचारला, त्यानं उत्तर दिलं, मग गाडी कधी येणार ते कळवलं. जीमेलमध्ये हे एकाखाली एक दिसतं, बोर्डाला मात्र त्याचा प्रत्येक मेल नवा. वरच्या अटीतला `filename:pdf` इथे कामी येतो. उत्तराच्या मेलला सहसा पीडीएफ नसते, म्हणून ती आपोआप गाळली जातात. सुधारित ऑर्डर नव्या पीडीएफसह आली तर मात्र दुसरं कार्ड होतं, आणि ते मला हवंच असतं. माल बदलला की ते डोळ्यांसमोर यायलाच पाहिजे.

मधला एखादा निरोप जुन्याच कार्डाला जोडायचा असेल तर प्रत्येक कार्डाचाही स्वतःचा मेल-पत्ता असतो. कार्ड उघडून `Share` मध्ये तो मिळतो. त्यावर मेल फॉरवर्ड केला की मजकूर त्या कार्डाखाली कॉमेंट होऊन बसतो. हे आम्ही हातानं करतो, आणि क्वचितच करतो.

आता दोन मिनिटांच्या कॉपीबद्दल. वेळेचा हिशेब तुमचा बरोबर आहे, त्यावर माझा वाद नाही. माझं दुखणं दुसरं आहे. आमच्या कंपनीत पीकेव्ही मिनी डाळ मिल आहे. एका हंगामात नागपूरच्या एका खरेदीदाराची १२ क्विंटल तूर डाळीची ऑर्डर आली. मी मेल वाचला आणि कार्डावर टाईप केलं: “तूर डाळ, १२ क्विंटल, नागपूर, शुक्रवार.” मिलवरच्या बायांनी कार्ड पाहून नेहमीप्रमाणे ३० किलोचे ४० कट्टे भरले, शिवले, थप्पी लावली. गुरुवारी संध्याकाळी गाडीचं विचारायला मी मेल पुन्हा उघडला. पीडीएफच्या दुसऱ्या पानावर पॅकिंग लिहिलं होतं: ५ किलो. म्हणजे २४० पिशव्या. रात्री सगळे कट्टे उसवले, पुन्हा वजन केलं, पुन्हा भरलं. त्या बाया रात्री ११ पर्यंत थांबल्या, घरी लेकरं वाट पाहत होती. ते मला आजही खुपतं.

माझी कॉपी दोन मिनिटांतच झाली होती. पण मला जेवढं महत्त्वाचं वाटलं तेवढंच मी उतरवलं, आणि बाकीची ऑर्डर माझ्या इनबॉक्समध्ये राहिली, जिथे मिलवरचं कुणी पाहू शकत नव्हतं. आता मेलचा विषय कार्डाचं नाव होतो, मजकूर वर्णनात जातो आणि पीडीएफ जशीच्या तशी कार्डाला लागते. पॅकिंग पाहणारी मोबाईलवर कार्ड उघडून दुसरं पान स्वतः वाचते. मी काय गाळलं यावर तिचं काम अवलंबून राहत नाही.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. खरेदीदारानं मालाचा तक्ता मेलच्या मजकुरातच टाकला असेल तर वर्णनात येताना तो विस्कटतो, कोणता आकडा कोणत्या रकान्यातला ते समजत नाही. म्हणून वजन आणि पॅकिंग वर्णनातून घ्यायचं नाही, पीडीएफमधूनच घ्यायचं असा आमचा नियम आहे. दुसरं, ट्रेलोच्या मोफत खात्यात एका फाईलला १० एमबीची मर्यादा आहे आणि जीमेल २५ एमबीपर्यंतचं जोडपत्र पाठवू देतं. स्कॅन केलेली जड फाईल त्यामुळे अडकू शकते. कार्डावर जोडपत्राची पिनेची खूण नसेल तर मूळ मेल उघडून पाहायचा.

लाईनचं म्हणाल, तर मला हे पटलं ते लाईनमुळेच. फिल्टर आपल्या कॉम्प्युटरवर चालत नाही, जीमेलच्या सर्व्हरवर चालतो, आणि कार्ड ट्रेलोच्या सर्व्हरवर बनतं. दुपारी गावात अंधार असो, मोबाईल बंद असो, मेल आला की कार्ड तयार. लाईन आली, कुणाच्याही फोनला रेंज आली की ते दिसतं. हातानं कॉपी करायची तर लाईनही हवी, नेटही हवं आणि तो माणूसही जागेवर हवा. मी दोन दिवस लग्नाला गेलो की ऑर्डर दोन दिवस कुणालाच दिसायची नाही.

पत्त्याची काळजी मात्र अगदी रास्त आहे. तो पत्ता म्हणजे ऑफिसची किल्ली समजा. ज्याच्याकडे असेल तो कार्ड टाकू शकतो, पाठवणारा कोण हे तपासलं जात नाही, आणि कार्ड पत्त्याच्या मालकाच्या नावानंच चढतं. पत्ता फुटतो तो बहुतेक एकाच वाटेनं: खरेदीदाराला उत्तर लिहिताना कुणीतरी बोर्डाचा पत्ता सीसीमध्ये टाकतं. मग समोरच्याला तो दिसतो, आणि त्यानं सगळ्यांना उत्तर दिलं की त्याचंही कार्ड होतं. तुमच्या चार कार्डांमागे हेही असू शकेल, पाठवलेले मेल एकदा पाहून घ्या. सीसी कधीच नको, नेहमी वेगळा फॉरवर्ड करायचा.

तरीही पत्ता फुटला तर बोर्डाच्या मेनूत `Email-to-board` मध्ये जाऊन नवा पत्ता बनवता येतो, जुना त्याच क्षणी बंद होतो. मग जीमेलमध्ये नवा पत्ता जोडून, खात्रीचा मेल उघडून, फिल्टरमध्येही तो बदलावा लागतो. फिल्टर बदलायचा राहिला तर कार्डं येणं गुपचूप थांबतं आणि ते दोन-चार दिवस लक्षात येत नाही.

त्याच `Email-to-board` मध्ये नवी कार्डं कोणत्या यादीत पडावीत हेही ठरतं. आमची ‘आवक’ नावाची वेगळी यादी आहे. कामाच्या यादीत मेल थेट पडू देत नाही. सकाळी एक जण आवक पाहते, कार्डाच्या नावात माल आणि तारीख नीट लिहिते, ज्याचं काम त्याला जोडते आणि कार्ड पुढच्या यादीत सरकवते. १० मिनिटांचं काम आहे, पण ते रोज कुणीतरी करावंच लागतं, ते आपोआप होत नाही. नव्या खरेदीदाराचा पहिला मेल फिल्टरमध्ये नसतो आणि कधी स्पॅममध्येही पडतो. स्पॅममधलं काहीच पुढे जात नाही, म्हणून तिनं स्पॅमवरही नजर टाकायची असं ठरलेलं आहे.

आणि एक तुमच्या ऑफिसातल्या मुलीला आवर्जून सांगा. कार्डाखाली लिहिलेलं खरेदीदाराला जात नाही. आमच्या एका मुलानं कार्डावर “माल सोमवारी निघेल” लिहिलं आणि समोरच्याला कळवलं असं धरून चालला. खरेदीदाराला उत्तर द्यायचं ते जीमेलमधूनच.

आता ती ७० कार्डं. आधी `Disable forwarding` करा, नाहीतर साफ करता करता नवी येत राहतील. त्यातली खऱ्या ऑर्डरींची कार्डं दुसऱ्या यादीत ओढून घ्या. उरलेल्या यादीच्या मेनूत `Archive all cards in this list` आहे, एका क्लिकमध्ये सगळी जातात. मूळ मेलची काळजी नको. जीमेलमध्ये फॉरवर्ड करताना प्रत इनबॉक्समध्ये ठेवण्याचा पर्याय मुळातच निवडलेला असतो, तो तुम्ही बदलला नसेल तर सगळे मेल तिथेच आहेत. फिल्टर आधी एकाच खरेदीदारासाठी लावा, आणि अडलं तर कोणती अट लिहिली तेवढं इथे खाली टाका. समोरच्याचा पत्ता आणि बोर्डाचा पत्ता मात्र खोडून टाका.