फ्रान्सकडे रेल्वेही होती आणि तारही

“१८७० मध्ये जर्मनांनी फ्रान्सला हरवलं, कारण: १) त्यांच्याकडे फ्रान्सपेक्षा जास्त आणि आधुनिक रेल्वे होती. २) सेनापती मोल्टके बर्लिनमध्ये बसून तारेवरून अख्खं युद्ध चालवत होता. ३) रेल्वेने सैन्याला शेवटपर्यंत धान्य आणि दारूगोळा पुरवला. ज्याचे रूळ जास्त, त्याचा विजय! स्पर्धा परीक्षेसाठी सेव्ह करा.”

मोबाइलवर आलेलं हे फॉरवर्ड माझ्या भाचीने राज्यसेवेच्या वहीत उतरवून घेतलं आणि “मामा, एवढं पुरेल ना?” म्हणून मला पाठवलं. नाही पुरणार. माझी नोकरी रेल्वेच्या ऑपरेटिंग खात्यात झाली, त्यामुळे त्या शेवटच्या ओळीचा मला विशेष राग आहे. नुसते रूळ काहीही हलवत नाहीत.

पहिल्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण बाकीची चूक त्यातूनच निघते.

फ्रान्सची रेल्वे चांगली होती. १६ ते २६ जुलै १८७० या काळात तिथल्या पूर्व रेल्वे कंपनीने सुमारे १ लाख ८६ हजार माणसं आणि ३२ हजार घोडे सीमेकडे नेले. दहा-अकरा दिवसांत एवढी वाहतूक कोणत्याही काळात मोठीच म्हणावी लागेल. घोटाळा गाडीत कोणाला बसवलं आणि उतरल्यावर काय झालं, यात होता.

फ्रान्सच्या पलटणी जिथे राहत, तिथले सैनिक त्यांत नसत. पलटण एका गावी, तिचा डेपो देशाच्या दुसऱ्या टोकाला आणि राखीव सैनिक तिसरीकडेच कुठेतरी घरी, अशी रचना. युद्ध पुकारलं की राखीव सैनिकाने आधी डेपोत जायचं, तिथे गणवेश आणि बंदूक घ्यायची आणि मग पलटण शोधत निघायचं. झुआव्ह नावाच्या फ्रेंच पायदळ पलटणींचे डेपो तर अल्जीरियात होते. त्यांच्या राखीव सैनिकांना फ्रान्समधून समुद्र ओलांडून तिथल्या ओरान शहरात जावं लागलं आणि परत येऊन सीमेवरच्या अल्सास प्रांतातली आपली पलटण गाठावी लागली. वेळ वाचावा म्हणून सरकारने पलटणी अर्धवट भरलेल्या असतानाच सीमेकडे रवाना केल्या. म्हणजे सैन्य भरणं आणि सैन्य हलवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी, त्याच रुळांवर सुरू झाली. पुढे गेलेल्या पलटणींचे लोक, तंबू, गाडे मागून येणाऱ्या गाड्यांत विखुरलेले. सीमेजवळच्या मेत्झ स्थानकात कोणत्या डब्यात काय आहे ते कळेना, उतरवून घ्यायला माणसं नव्हती आणि मालाने भरलेले डबे यार्डात तसेच अडकून राहिले. डबा रिकामा होऊन परत गेला नाही की मागे पुढची गाडी भरता येत नाही.

त्या दिवसांतली एक तार प्रसिद्ध आहे. २१ जुलैला जनरल मिशेल यांनी बेलफोरहून पॅरिसच्या युद्ध मंत्रालयाला कळवलं: “बेलफोरला पोचलो. माझी ब्रिगेड सापडली नाही. डिव्हिजनचे जनरल सापडले नाहीत. काय करू? माझ्या पलटणी कुठे आहेत ठाऊक नाही.” जनरल गाडीने ठिकाणी पोचले होते आणि त्यांची तारही पॅरिसला पोचली होती. पलटणींचा तेवढा पत्ता नव्हता. सगळ्या फॉरवर्डला उत्तर म्हणून ही पाच वाक्यं पुरेशी आहेत.

आता प्रशिया, म्हणजे जर्मन बाजूचं मुख्य राज्य. तिथे प्रत्येक कोअरला, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकडीला, आपला प्रांत ठरवून दिलेला होता आणि बहुतेक कोअरची भरती त्याच प्रांतातून होई. राखीव सैनिक जवळच्या डेपोत हजर व्हायचा. १६ जुलै हा जमवाजमवीचा पहिला दिवस. त्यानंतर आठवडाभर लढाऊ सैन्याची मोठी वाहतूक सुरूच झाली नाही. आधी पलटणी पूर्ण भरल्या, २४ जुलैच्या सुमारास गाड्यांची रांग लागली आणि ३ ऑगस्टपर्यंत, म्हणजे अठराएक दिवसांत, सुमारे ४ लाख ६० हजार जर्मन सैनिक सीमेवर उभे होते. सुरुवातीला थांबलेले पुढे गेले.

त्यांचा हिशोब कसा होता ते पाहा. एका कोअरला, म्हणजे साधारण ३० हजार माणसं, घोडे, तोफा आणि गाडे यांना, शंभराच्या आसपास गाड्या लागत. दुहेरी मार्गावर दिवसाला १८ आणि एकेरी मार्गावर १२ लष्करी गाड्या धरलेल्या. म्हणजे दुहेरी मार्गावर एक कोअर जायला साडेपाच दिवस, एकेरीवर आठाहून जास्त. कोणती कोअर कोणत्या मार्गावर, कितव्या दिवशी, कुठे चढणार, कुठे जेवणार, कुठे उतरणार, हे तक्ते मोल्टकेच्या रेल्वे विभागाने शांततेच्या काळातच करून ठेवले होते. प्रत्येक मार्गावर एक लष्करी अधिकारी आणि एक रेल्वेचा माणूस मिळून निर्णय घेत. फ्रान्समध्येही युद्धमंत्री मार्शल निएल यांनी १८६९ मध्ये असंच रेल्वे मंडळ नेमलं होतं. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांच्या जागी आलेल्या ल बफ यांनी ते काम बारगळू दिलं. हे मंडळ टिकलं असतं तर मेत्झला काय झालं असतं, हा प्रश्न परीक्षेत विचारण्यासारखा आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. सीमेकडे जाणारे मार्ग जर्मनांकडे खरंच जास्त होते. त्यांनी नऊ मार्ग वापरले, फ्रान्सकडे त्याच्या निम्मे होते. मात्र मार्ग जास्त म्हणजे एकाच वेळी जास्त कोअर निघू शकतात, एवढंच. त्या भरलेल्या निघतील याची हमी रूळ देत नाहीत.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. जमवाजमवीचा हुकूम तारेने गेला, म्हणूनच सगळ्या प्रांतांचा ‘पहिला दिवस’ एकच ठरू शकला आणि वेळापत्रक चाललं. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात ३० जूनपर्यंत मोल्टके बर्लिनमधूनच तारेने हुकूम देत होता, हेही खरं. पण १८७० मध्ये मुख्य तळाने ३१ जुलैला बर्लिन सोडलं होतं. शिवाय तार स्थिर कचेऱ्यांमध्ये चालते आणि चालत्या सैन्यामागे ती नेहमीच मागे पडते. १८६६ मध्ये कोनिग्ग्रेट्झच्या निर्णायक लढाईच्या आदल्या रात्री प्रशियाच्या युवराजाच्या सैन्याला बोलावण्याचा निर्णायक हुकूम फिंकेनश्टाइन नावाचा अधिकारी अंधारात घोड्यावरून घेऊन गेला आणि पहाटे चारच्या सुमारास पोचला. १८७० मध्ये ६ ऑगस्टला श्पिशरेनची लढाई तर मोल्टकेच्या हुकुमाशिवाय, पुढच्या तुकडीच्या जनरलने सुरू केली.

तिसरा मुद्दा सरळ चूक. १८६६ मध्ये जूनच्या अखेरीस सुमारे १८ हजार टन माल प्रशियाच्या मार्गांवर अडकला होता. पुढे जाईना, मागे नेता येईना. कारण मेत्झसारखंच: उतरवण्याची सोय नाही. १८७० मध्ये फ्रान्सच्या हद्दीत शिरल्यावर रूळ होते, पण त्यांच्यावर बसलेले किल्ले फ्रेंचांचे होते. पॅरिसकडे जाणारा मार्ग तूलच्या किल्ल्याने २३ सप्टेंबरपर्यंत अडवून धरला. मेत्झ २७ ऑक्टोबरला पडलं, आणि तोवर त्याला वळसा घालायला जर्मनांना रेमियी ते पोंतामूसोन असा नवा लोहमार्ग टाकावा लागला. मार्न नदीच्या खोऱ्यात नांत्यचा बोगदा फ्रेंचांनी उडवून दिला होता. त्या आठवड्यांत सैन्याचं पोट भरलं ते मुख्यतः आसपासच्या गावांमधून ओढलेल्या धान्यावर आणि बैल-घोड्यांच्या गाड्यांवर. १ सप्टेंबरला सेदानच्या निर्णायक लढाईत लढलेले जर्मन सैनिक सीमेपासून तिथवर चालत आले होते.