‘मिळाला असेलच’मधला ‘च’

काल दुपारचा पाऊण तास मी एका वाक्यातला ‘च’ ठेवावा की काढावा, या विवंचनेत घालवला. वाक्य असे होते : ‘आपणास आमचा प्रस्ताव मिळाला असेलच.’ २८ दिवसांपूर्वी या क्लायंटला आपल्या कंपनीच्या संकेतस्थळाचा सगळा मजकूर नव्याने लिहून हवा होता आणि त्याचा प्रस्ताव तर दोन दिवसांत हवा होता. मी दोन रात्री जागून ११ पानांचा प्रस्ताव पाठवला, त्यावर लगोलग ‘छान, बघून कळवतो’ असे उत्तर आले, आणि त्यानंतर जे काही आले ते मौन होते. पाचव्या दिवशी मी सहज म्हणून विचारले. बाराव्या दिवशी मुद्दाम सहज विचारले. एकविसाव्या दिवशी मी इतक्या सहजपणे विचारले, की ते चार ओळींचे पत्र लिहायला मला तीन तास लागले.

या काळात माझा एकमेव आधार होता तो मेल उघडला गेला की कळवणाऱ्या सोयीचा. तिच्या म्हणण्यानुसार माझे पत्र १४ वेळा उघडले गेले होते. हा माणूस रोज रात्री झोपण्यापूर्वी माझा प्रस्ताव वाचतो, अशी माझी समजूत झाली होती. पुढे कळले, की ही सोय पत्रात दडवलेल्या एका अदृश्य चित्रावर चालते, आणि ॲपलच्या मेलसारखी व्यवस्था २०२१ पासून अशी चित्रे वाचणाऱ्याने पत्र उघडण्याची वाट न पाहता स्वतःच मागवून ठेवू शकते. म्हणजे माझे पत्र इतक्या आस्थेने वाचणारा माणूस नसून एखादे यंत्रही असू शकत होते. निदान त्याने तरी उत्तर द्यायला हवे होते, असे मला अजूनही वाटते.

तर त्या ‘च’वर मी अडले असताना शेजारचे काका आले. काका एका कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले असून, स्मरणपत्र या साहित्यप्रकारावर आपला अधिकार आहे असे ते मानतात. माझी अडचण ऐकताच त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि फर्मावले, “मी क्लायंट. तू वाच.”

मी वाचले, “आपणास आमचा प्रस्ताव मिळाला असेलच.”

“असेल‘च’?” काकांचा चेहरा बघता बघता बदलला. “म्हणजे मिळूनही मी मिळाला नाही म्हणतोय, असं सुचवायचंय का तुम्हाला?” मला चक्क ‘अहो-जाहो’ सुरू झाले होते.

मी ‘च’ काढला. “आपणास प्रस्ताव मिळाला असेल अशी आशा आहे.”

“आशा! एवढी वाईट परिस्थिती आहे का तुमची? मग काम जमेल ना तुम्हाला?”

“आपण अद्याप उत्तर दिलेले नाही,” मी जरा चिडूनच वाचले.

“आरोप!”

“आपले उत्तर अद्याप मिळालेले नाही.”

काका क्षणभर थांबले. कर्ता वाक्यातून काढता पाय घेतो आणि दोष कुणाच्याच अंगावर न पडता हवेत लोंबकळत राहतो, ही अशा वाक्यरचनेची करामत त्यांच्या हयातभराच्या सेवेचा पाया होती. त्यांनी मान डोलावली, पण लगेच म्हणाले, “‘अद्याप’ काढा. त्यात तुम्ही दिवस मोजताय हे दिसतं.” मी दिवस मोजतच होते. मी ‘अद्याप’ काढला. पुढे ‘आपण व्यग्र असाल याची जाणीव आहे’ या वाक्यावर ते म्हणाले, “टोमणा.” ‘आपल्या सोयीने कळवावे’ यावर म्हणाले, “ठीक आहे. मग माझ्या सोयीने कळवतो,” आणि हाताची घडी घालून गप्प बसले. मी दोनदा हाक मारली, चहा विचारला, तरी उत्तर नाही. शेवटी म्हणाले, “आमच्याकडे अंतर्गत चर्चा चालू आहे,” आणि उठून गेले.

काका गेल्यावर मला राग आला, आणि तो काकांचा नव्हता. प्रस्ताव फुकट लिहायचा, त्यात कामाचा निम्मा विचार उघड करून द्यायचा, आणि वर समोरच्याला अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून शब्दांची साले काढत बसायचे, हा सगळा खर्च एकाच बाजूचा. ‘नको’ हा दोन अक्षरांचा शब्द लिहायला कुणाला कितीसा वेळ लागतो?

मात्र हाताची घडी घालून बसलेल्या काकांकडे पाहताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आपल्याशी बोलणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा निर्णय नसतो. तो वर कुठेतरी अडकलेला असतो, आणि सांगण्यासारखे काहीच नसल्यामुळे तो गप्प असतो. त्यावर आपण एक स्मरणपत्र पाठवले, की त्याच्यावर एका उत्तराचे कर्ज चढते. दुसरे पाठवले, की त्यात दिलगिरीची भर पडते. आणि तिसऱ्यानंतर साधे ‘अजून ठरले नाही’ कळवायलाही त्याला मोठा खुलासा लिहावासा वाटू लागतो, म्हणून तो काहीच लिहीत नाही. शिवाय मी भाबडेपणाने प्रत्येक पत्र आधीच्याच पत्राला जोडून पाठवत होते, त्यामुळे नव्या पत्राखाली जुनी अनुत्तरित पत्रे तारखांसह आरोपपत्रासारखी उभी राहत होती.

म्हणून मी कोरे पत्र घेतले, नवा विषय दिला, आणि जुने शोधावे लागू नये म्हणून प्रस्ताव पुन्हा जोडला. आता लिहायला एक कारणही होते, आणि ते माझ्या मनःस्थितीवर अवलंबून नव्हते : प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर ‘हे दर ३० दिवस लागू’ असे मीच छापले होते आणि त्यातले चार दिवस उरले होते. मी लिहिले : ‘या प्रस्तावातील दरांची मुदत शुक्रवारी संपत आहे. पुढील महिन्याचे वेळापत्रक ठरवण्यासाठी खालीलपैकी एक आकडा कळवल्यास पुरे. १ : काम पुढील महिन्यात सुरू करू. २ : पुढच्या तिमाहीत पाहू. ३ : तूर्त नको. शुक्रवारपर्यंत काही न कळल्यास मी प्रस्ताव बंद समजेन. पुढे केव्हाही गरज भासल्यास नव्याने देता येईल.’ यात आशा नव्हती, जाणीव नव्हती, ‘च’ नव्हता. शेवटचे वाक्य लिहिताना हात थरथरला हे खरे, कारण ते लिहायचे तर शुक्रवारी प्रस्ताव खरोखरच बंद करण्याची तयारी हवी. नाहीतर सोमवारी पुन्हा ‘सहज विचारते’ असे लिहावे लागते आणि पुढच्या कुठल्याही तारखेवर तो माणूस विश्वास ठेवत नाही.

नऊ मिनिटांत उत्तर आले. त्यात संबोधन नव्हते, आभार नव्हते, खाली नावही नव्हते. उत्तर होते : ‘२’.

सव्वीस दिवस मी ज्याच्यासाठी ‘आपणास’ आणि ‘आपल्याला’ यांतला फरक तोलत होते, त्या माणसाने एक आकडा टंकून विषय संपवला होता. तो मीच मागितला होता, हे कबूल करूनही मला ते लागलेच. संध्याकाळी पोच देण्यासाठी मी ‘आपले उत्तर मिळाले, आभारी आहे’ एवढे लिहिले आणि जिन्यात भेटलेल्या काकांना वाचून दाखवले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

“‘मिळाले’च्या आधी,” ते थंडपणे म्हणाले, “तुम्ही मनात ‘एकदाचे’ म्हणालात. ऐकू आलं मला.”