एका मॉनिटरवर दोन पडदे? अर्ध्या भागाचा हिशेब आधी करा

"दोन मॉनिटरवर पैसे घालवू नका. एक ३४ इंची अल्ट्रावाइड घ्या आणि मेनूत पीबीपी, म्हणजे दोन स्रोतांची चित्रं शेजारी-शेजारी दाखवण्याची सोय, चालू करा. डावीकडे ऑफिसचा लॅपटॉप, उजवीकडे सेट-टॉप बॉक्सवर मॅच. दोन्ही चित्रं पूर्ण, आवाज दोन्हीचा, आणि एकच माउस दोन्हीकडे चालतो."

असा सल्ला ऐकायला छान वाटतो, पण तो जसाच्या तसा खरा नाही. आधी चित्राबद्दल, कारण खरी गफलत तिथेच आहे. ३४ इंची अल्ट्रावाइडचं रेझोल्यूशन बहुधा ३४४० × १४४० असतं. पीबीपीत त्याचे दोन सारखे भाग केले की प्रत्येकी १७२० × १४४० उरतात, म्हणजे जवळपास चौकोनी पडदा. लॅपटॉपला हे सहसा चालतं. पीबीपी चालू होताच मॉनिटर त्याला आपला नवा आकार कळवतो आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये १७२० × १४४० दिसू लागतं. सेट-टॉप बॉक्सला मात्र १६:९ शिवाय दुसरा आकार माहीत नसतो. १७२० रुंदीत १६:९ चं चित्र बसवलं की उंची साधारण ९६८ पिक्सेल भरते आणि वर-खाली मिळून एक तृतीयांश भाग काळा राहतो.

सेंटिमीटरमध्ये मोजलं तर जास्त टोचतं. हा पडदा सुमारे ८० सेंमी रुंद, त्याचा अर्धा ४० सेंमी. मॅचचं चित्र होतं ४० × २२.५ सेंमी, म्हणजे १८ इंची टीव्हीएवढं. त्याच मॉनिटरवर एकटा बॉक्स पूर्ण पडद्यावर लावला, तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहूनही २७ इंचाएवढं चित्र मिळतं.

काळ्या पट्ट्या न दिसता अख्खा अर्धा भाग भरलेला असेल, तर खूश होऊ नका. मॉनिटर चित्र उभं ताणतोय. चॅनेलचा गोल लोगो किंवा चेंडू अंड्यासारखा दिसला की ओळखायचं, आणि मेनूत चित्राचं मूळ गुणोत्तर राखण्याचा पर्याय निवडायचा. पट्ट्या परत येतील, पण खेळाडू बारीक दिसणार नाहीत.

आवाजाचं म्हणाल, तर मॉनिटर सहसा दोन स्रोतांचे आवाज एकत्र करत नाही. मेनूत एक स्रोत निवडावा लागतो आणि मॉनिटरच्या स्पीकरमधून किंवा हेडफोनच्या जॅकमधून तेवढाच येतो. यावर उपाय सोपा आहे: मॅचचा आवाज मॉनिटरला द्या आणि लॅपटॉपचा आवाज त्याच्या स्वतःच्या हेडसेटवर ठेवा.

माउसला पीबीपीशी काही देणंघेणं नाही. मॉनिटर फक्त दोन चित्रं शेजारी मांडतो. यंत्रं वेगळी ती वेगळीच राहतात. दोन संगणक असतील तर केव्हीएम, म्हणजे एकच कीबोर्ड-माउस दोन्हीकडे वापरू देणारी सोय, असलेला मॉनिटर घ्यावा लागतो, नाहीतर माउस वाटून देणारं सॉफ्टवेअर दोन्हीकडे टाकावं लागतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटी विभाग ते टाकू देईल का, हे विचारून घ्या. सेट-टॉप बॉक्सला तर रिमोटच.

जाहिरातीत न येणारी आणखी एक अडचण आहे. बऱ्याच मॉडेलांत पीबीपी चालू केलं की एचडीआर आणि अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद होतात आणि रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर येतो. १४४ हर्ट्झचे पैसे मोजलेल्या गेमरला हे खटकणारच. शिवाय चालू-बंद करताना पडद्याचा आकार बदलतो, त्यामुळे लॅपटॉपवर मांडून ठेवलेल्या खिडक्या इकडेतिकडे होतात.

मग काम करता करता मॅचवर नजर ठेवायची कशी? माझ्या मते पीआयपी बरं. लॅपटॉप पूर्ण ३४४० × १४४० वर राहतो आणि मॅच कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत येते. बहुतेक मॉनिटरांत चौकटीचे दोन-तीन ठरावीक आकार आणि चार कोपरे असतात. माउसने ओढून ती हवी तिथे नेता येत नाही. खाली उजवीकडे ठेवली तर विंडोजचं घड्याळ झाकतं, वर उजवीकडे ठेवली तर खिडकी बंद करायचं बटण. मी तरी वर डावीकडे ठेवतो. आणि मॅच लॅपटॉपवरच ब्राउझरमध्ये बघणार असाल, तर मॉनिटरच्या या सोयीची गरजच नाही. विंडोज की आणि बाण दाबून खिडक्या शेजारी लावता येतात.

पीबीपी खरोखर शोभतं ते ४९ इंची ५१२० × १४४० मॉनिटरवर. त्याचे दोन भाग प्रत्येकी २५६० × १४४० होतात, म्हणजे नेमके १६:९, त्यामुळे सेट-टॉप बॉक्सचं चित्रही पट्ट्यांशिवाय बसतं. ३४ इंचीवरही एक उपयोग चांगला आहे: एकाच लॅपटॉपमधून दोन केबल जोडायच्या. लॅपटॉपला दोन मॉनिटर दिसतात आणि मीटिंगमध्ये त्यातला एकच अर्धा भाग शेअर करता येतो, समोरच्याला मुंगीएवढी अक्षरं बघावी लागत नाहीत.

विकत घेण्याआधी मॉडेलची पुस्तिका उघडून पीबीपीचा तक्ता बघा. कुठलं पोर्ट कुठल्या पोर्टसोबत चालतं, ते त्यात असतं. काही मॉडेलांत दोन्ही एचडीएमआय एकत्र चालत नाहीत, एक बाजू डिस्प्लेपोर्ट किंवा यूएसबी-सी लागते. सेट-टॉप बॉक्सला एचडीएमआयच असतं, त्यामुळे लॅपटॉपला दुसरी वाट आहे का, हे आधी तपासा.