विषय: पेमेंटबाबत थोडंसं

काकांना मेल लिहायला बसलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सव्वाअकराला स्क्रीनवर एवढंच होतं: ‘आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. पावसाळा सुरू झाला आहे.’

काका म्हणजे आमचे बॉक्सवाले. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आम्ही चिवडा, चकली, शंकरपाळे बनवतो आणि ते ज्या खोक्यांतून दुकानांत जातात ती खोकी रबाळ्याहून काकांच्या कारखान्यातून येतात. थ्री-प्लाय, वर आमचं नाव, नावाखाली चकलीचं चित्र. ते चित्र गेली नऊ वर्षं जिलबीसारखं दिसतं, पण तो वाद वेगळा. महिन्याला वीस हजार खोकी, एक खोकं १२ रुपये, म्हणजे २,४०,००० रुपयांचा माल. जीएसटी निराळा. पेमेंट ३० दिवसांत. ही बोली आमच्या बाबांच्या काळापासूनची, कागदावर कुठेच नाही.

काकांनी कधी काही बिघडवलं नव्हतं. आमचा माल घेणाऱ्या एका दुकानांच्या साखळीने जूनमध्ये कळवलं की यापुढे आमचे पैसे ३० ऐवजी ६० दिवसांनी मिळतील. मेलची सुरुवात ‘आमच्या मौल्यवान भागीदारा’ अशी होती. तेलवाल्याला रोख, बेसनवाल्याला आठ दिवसांत, बायकांचे पगार सात तारखेला, आणि भागीदाराला मात्र साठ दिवसांनी. आता मधले दिवस कुठून तरी आणायचे, तर उरले एकटे काका.

पावसाळ्याच्या पुढे काही सुचेना, तेव्हा मी साखळीवाल्यांचाच मेल समोर ठेवला आणि त्यावर बेतून एक झक्क मसुदा केला. ‘बदलत्या व्यावसायिक परिस्थितीचा सखोल आढावा घेता, आपल्या दीर्घकालीन सहकार्याच्या हितार्थ पेमेंटची मुदत ६० दिवस करण्यात येत आहे. भविष्यात आमच्या ऑर्डरींमध्ये लक्षणीय वाढ होणार असल्याची आम्ही ग्वाही देतो.’

बायकोने चष्मा लावून वाचला. “हा तर तोच मेल आहे,” ती म्हणाली. “जूनमध्ये हा वाचून तू ज्या शिव्या घातल्यास, त्या मी शेजारच्यांना टीव्ही आहे म्हणून सांगितल्या.”

“भाषा चांगली आहे त्यांची.”

“आणि काकांचं मेमधलं एक बिल राहिलंय ना?”

राहिलं होतं. ८६,००० चं. देय तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. बायकोचं म्हणणं असं, की थकबाकी ठेवून मुदत मागणारा माणूस मुदत मागत नसतो, बुडाल्याची बातमी देत असतो. मला ते पटलं, म्हणजे पटायला दोन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी जीएसटीच्या कामासाठी सीए मॅडमकडे गेलो होतो, तर सहज म्हणून मसुदा दाखवला. त्यांनी ‘६०’ या आकड्यावर पेन ठेवलं आणि ते उचललंच नाही.

“काकांच्या बिलावर उद्यम नंबर आहे?”

आहे. लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा तो नंबर, बिलाच्या डोक्यावर, गणपतीच्या खाली.

“स्वतः बनवतात ना माल? नोंदही सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचीच असणार. मग लहान उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा लागू. लेखी ठरलं असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस. लेखी काहीच नसेल तर १५.”

“पण काका स्वखुशीने साठ म्हणाले तर?”

“काकांनी स्टॅम्प पेपरवर साठ लिहून दिले तरी कायदा पंचेचाळीसच वाचतो.”

मग त्यांनी पुढचं सांगितलं. मुदत उलटली की व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. ते व्याज खर्च म्हणून दाखवताही येत नाही. शिवाय आयकरातल्या एका कलमामुळे, ३१ मार्चला मुदत उलटून गेलेलं जे बिल बाकी असेल, त्याचा खर्च त्या वर्षी धरतच नाहीत. पैसे प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरतात. म्हणजे खोकी वापरली, त्यांतून चिवडा गेला, लोकांनी खाल्लाही, पण आयकराच्या दृष्टीने मी चिवडा हवेतून पाठवला आणि सगळा नफाच कमावला.

मी नम्रपणे ‘६०’ खोडून ‘महिनाअखेरपासून ४५’ केलं. मॅडमनी शाळेतल्या बाई बघतात तसं बघितलं. “तीन ऑगस्टला आलेला माल. महिनाअखेरपासून पंचेचाळीस म्हणजे पंधरा ऑक्टोबर. मोजा.”

मोजले. ७३ दिवस भरले. मुदत माल ताब्यात घेतल्या दिवसापासून मोजायची, हे मी खाली मान घालून लिहून घेतलं. निघताना त्यांनी आणखी एक विचारलं: “तुम्ही पण स्वतः बनवता. तुमचा उद्यम नंबर साखळीवाल्यांच्या बिलावर छापता ना? साठ दिवस त्यांनाही चालत नाहीत.”

आमचं उद्यम सर्टिफिकेट गाळ्यात फ्रेम करून लावलंय. बिलावर नाही. साखळीवाल्यांना कायदा दाखवायचा म्हणजे दुकानातल्या नजरेच्या रेषेवरच्या फळीवरून थेट फिनाइलशेजारच्या फळीवर जायचं. पण काकाही माझ्याबद्दल नेमकं असंच म्हणत असतील, हा विचार कोपरीच्या सिग्नलला आला आणि सिग्नल सुटेपर्यंत, म्हणजे बराच वेळ, टिकला.

तर आता मागायचे होते जास्तीचे पंधरा दिवस. बायकोने वहीवर हिशोब मांडला. महिन्याला २,४०,००० चा माल, म्हणजे पंधरा दिवसांचे साधारण १,२०,०००. “हे दर महिन्याला वाचतात?” नाही. तिथेच माझी गफलत होत होती. ही रक्कम एकदाच हातात राहते. पहिल्या महिन्यात काकांना अर्धेच पैसे जातात, पुढच्या महिन्यापासून पुन्हा पूर्ण. म्हणजे मी दर महिन्याची सोय मागत नव्हतो. मी काकांकडून एक लाख वीस हजार उसने मागत होतो आणि त्याला ‘दीर्घकालीन सहकार्य’ म्हणत होतो.

मग ग्वाहीचं वाक्य. ‘ऑर्डरींमध्ये लक्षणीय वाढ.’ काकांनी अशी वाक्यं तीस वर्षं ऐकली आहेत. त्यांतली निम्मी म्हणणारी माणसं आज फोन उचलत नाहीत. काकांना भीती कसली असते, ते मी एकदा रबाळ्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. कारखान्याच्या मागच्या भिंतीला छतापर्यंत खोकी रचलेली, बंद पडलेल्या कुठल्याशा फरसाणवाल्याच्या नावाची. छापील खोकं दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. ते रद्दीतच जातं, आणि रद्दीवाला छपाईचे पैसे देत नाही. माझ्या ऑर्डरी वाढतील की नाही यापेक्षा, न वाढल्या तर माझ्या जिलबीछाप चकलीची खोकी कुणाच्या गळ्यात पडणार, हा काकांचा प्रश्न होता.

तेव्हा ८६,००० आधी भरले. मग मेल लिहिला, पावसाळा वगळून:

‘काका, नमस्कार. मेमधलं राहिलेलं बिल आज भरलं, यूटीआर नंबर खाली दिला आहे. उशीर झाला, चूक माझी. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाईकाने पैसे द्यायची मुदत वाढवल्यामुळे अडचण आली आहे. म्हणून विनंती: १ ऑगस्टपासून येणाऱ्या मालाचं पेमेंट ३० ऐवजी ४५ दिवसांत, माल मिळाल्या दिवसापासून मोजून. आधीची बिलं जुन्याच मुदतीत. तुम्हाला जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो, म्हणून तेवढी रक्कम मी १८ पर्यंत वेगळी पाठवीन. ऑगस्टचे २०,००० बॉक्स नक्की. सप्टेंबरला २६,००० आणि ऑक्टोबरला ३२,००० हा दिवाळीचा अंदाज आहे, शब्द नाही. नक्की आकडा दर महिन्याच्या २० तारखेला कळवीन. आमच्या नावाचे १०,००० पर्यंत बॉक्स तुम्ही तयार ठेवलेत तर विक्री होवो न होवो, ते मी ६० दिवसांत उचलीन. जानेवारीत पुन्हा बसून बोलू.’

‘अंदाज आहे, शब्द नाही’ हे मी तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं. खोटं मोठं वाटतं आणि खरं लिहिलं की बिचारं दिसतं. विषयाच्या ओळीत पहिल्यांदा ‘तातडीचे’ लिहिलं होतं. बायको म्हणाली, काकांचा बीपी आहे. मग ‘पेमेंटबाबत थोडंसं’ केलं आणि बटण दाबण्याआधी काकांना फोन लावला. आपल्याकडे आधी न बोलता पैशाचा मेल आला, की माणूस तो वकिलाने लिहिलाय असं समजतो.

“काका, एक मेल पाठवतोय.”

“का रे, भांडण झालं का आपलं?”

मेल गेला. दोन दिवस काही नाही. या दोन दिवसांत मी ‘सेंट’मधला तो मेल अकरा वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी तो जास्त लाचार होत गेला. तिसऱ्या दिवशी काकांचाच फोन.

“वाचलं बरं का. मुलाने वाचून दाखवलं. ते बॉक्स उचलायचं लिहिलंस ते बरं केलंस. बाकीचं बघ, कागदाच्या मिलला मी पंधरा दिवसांत पैसे देतो. मधले दिवस माझे बँकेच्या सीसी कर्जावर जातात. बारा टक्के.”

“हो काका.”

“दोन लाख चाळीस हजारावर पंधरा दिवसांचे किती होतात?”

मी कॅल्क्युलेटर शोधत होतो. काकांकडे तो नव्हता, गरजही नव्हती. “अकराशे चौऱ्याऐंशी. वीस हजार बॉक्सला वाटले की बॉक्समागे सहा पैसे. ते तू दे, पंचेचाळीस मी देतो.”

एवढ्या रात्री घालवून मागितलेल्या गोष्टीची किंमत सहा पैसे निघाली होती. बँकेने एवढ्यासाठी माझ्याकडून गाळ्याची कागदपत्रं, दोन जामीन आणि बाबांच्या मृत्यूचा दाखला मागितला असता. मी तत्परतेने हो म्हणालो. काकांनी मेलला उत्तर म्हणून मुलाकडून दोन शब्द पाठवले: ‘४५ ओके’. सीए मॅडम म्हणाल्या, लेखी आहे, चालेल, प्रिंट काढून फाइलला लावा.

काल ऑगस्टचा पहिला टेम्पो आला. तीन हात नाक्याला अडकून दीड तास उशिरा, पण आला. खोक्यांवर जिलबी होतीच. बिल उघडलं तर दर १२.१०. फोन केला, तर काका म्हणाले, “अरे, सहा पैसे बिलावर बरं दिसत नाही.”

चार पैसे गुणिले वीस हजार, म्हणजे महिन्याला आठशे रुपये. आता रात्रीचे दहा वाजलेत. स्क्रीनवर आतापर्यंत एवढं आहे: ‘आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. पावसाने चांगलाच जोर धरला आहे.’