टोपीखालच्या सावलीला फ्लॅशच लागतो

«भर उन्हात फ्लॅश लावू नका. सूर्यापुढे फ्लॅश म्हणजे काजवा, नुसती बॅटरी संपते. लावलाच तर शटर १/१००० च्या पुढे ठेवा, म्हणजे ऊन कापलं जाईल. चेहऱ्यावर सावली पडत असेल तर माणसाला सूर्याकडे तोंड करून उभं करा. उरलेली सावली एडिटिंगमध्ये उचला. फ्लॅशने चेहरा चपटा आणि खोटा दिसतो.»

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि भाच्याने लगेच फ्लॅश बॅगेतून काढून ठेवला. रत्नागिरीच्या सड्यावर आंबा काढणीचे फोटो घ्यायला तो निघाला होता. मे महिना, उघडा कातळ आणि रुंद काठाच्या गवती टोप्या घातलेली माणसं. ज्या एका ठिकाणी फ्लॅशवाचून चालत नाही, नेमकं त्याच ठिकाणी त्याला फ्लॅश घरी ठेवायला सांगितलं गेलं. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सूर्याकडे तोंड करण्याचा सल्ला सगळ्यात आधी घेतो, कारण त्याने माणसाला त्रास होतो. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या ८ तारखेच्या आसपास आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तो क्षण घड्याळात बाराला येत नाही, साडेबारा उलटून गेल्यावर येतो, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण ७३ अंशांच्या जवळ आहोत. त्या वेळी सूर्याकडे तोंड करायचं तर माणसाला आभाळाकडे मान वर करावी लागेल. एकतर टोपीचा काठ आणखी मागे जाऊन ऊन थेट डोळ्यांत शिरेल, नाहीतर तो डोळे मिटून घेईल. भुवई आणि टोपीचा काठ डोळ्यांवर आहेत आणि प्रकाश त्यांच्याही वरून येतो आहे. माणसाला कुठल्याही दिशेला फिरवा, ती सावली तिथेच राहणार. लहान मुलांना तर असं उभं करूच नका. दुपारी तीननंतर ऊन समुद्राच्या बाजूला उतरतं. लोकांना मागे समुद्र हवा असतो, म्हणजे सूर्य पाठीशी जातो आणि अख्खा चेहरा सावलीत येतो. तेव्हाही उपाय समोरून थोडा प्रकाश टाकणे हाच आहे.

आता काजव्याचं. प्रत्येक चांगल्या फ्लॅशच्या पुस्तिकेत गाइड नंबर छापलेला असतो. निकॉन एसबी-७०० च्या पुस्तिकेत तो आयएसओ १०० आणि ३५ मिमी झूमला २८ मीटर दिला आहे. त्याचा उपयोग सरळ आहे. या आकड्याला ॲपर्चरच्या आकड्याने भागलं की फ्लॅश पूर्ण ताकदीवर किती मीटरपर्यंत पुरेसा उजेड देईल ते कळतं. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० असेल तर ॲपर्चर एफ ११ च्या जवळ येतं. फिल्मच्या काळापासून चालत आलेला «ऊन असेल तर एफ १६, शटर आयएसओइतकं» हा नियम तेच सांगतो. २८ ला ११ ने भागा, अडीच मीटर आले. म्हणजे अडीच मीटरवर हा हातात मावणारा फ्लॅश चेहऱ्यावर उन्हाइतकाच उजेड टाकतो. याला काजवा कोण म्हणेल?

शिवाय आपल्याला उन्हाची बरोबरी करायचीच नाही. फ्लॅशची लढाई सूर्याशी नसून टोपीखालच्या सावलीशी आहे, आणि त्या सावलीत ऊन पोचतच नाही. तिथे फक्त आभाळाचा आणि जमिनीवरून उसळलेला उजेड असतो. काळपट कातळावर टोपीच्या खाली तो उन्हाच्या आठव्या भागाइतका धरू. म्हणजे उन्हातल्या हनुवटीवर ८ भाग उजेड आणि डोळ्यांवर १ भाग. अडीच मीटरवर फ्लॅश पाव ताकदीवर ठेवला की तो २ भाग देतो. हे २ भाग दोन्हीकडे पडतात. हनुवटीवर १० होतात, डोळ्यांवर ३. आठास एकाचा फरक साडेतीनास एकाच्या आत आला. डोळे दिसतात, सावली मात्र सावलीच राहते. सड्यावर माणूस आंबे उतरवायचा झेला खांद्यावर घेऊन उभा असेल तेव्हा एवढंच हवं असतं.

या हिशेबातली एक गोष्ट हमखास विसरली जाते. हनुवटी ८ वरून १० झाली, म्हणजे उन्हातला भागही साधारण एक तृतीयांश स्टॉप, म्हणजे ॲपर्चरच्या एका खटक्याएवढा, उजळला. नाकाचा शेंडा, गालाची कड आणि पांढरा सदरा पांढरेफटक पडू लागले तर कारण हेच. फ्लॅश बंद करू नका. ॲपर्चर एक खटका मिटवा, एफ ११ चं एफ १३ करा. तेवढ्याने फ्लॅशही किंचित कमी होतो आणि प्रमाण तेच राहतं.

मेसेजमधला शटरचा सल्ला तर उलटाच आहे, आणि जरा थांबून समजून घ्यावा असा हाच मुद्दा आहे. शटर म्हणजे एकामागून एक धावणारे दोन पडदे. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० पर्यंतच असा क्षण येतो की पहिला पडदा पूर्ण उघडला आहे आणि दुसरा अजून निघालेला नाही. त्या वेगाला सिंक स्पीड म्हणतात. त्यापुढे पडद्यांमधली फक्त एक फट सेन्सरवरून सरकत जाते. फ्लॅशचा लखलखाट क्षणभराचा असतो, तो त्या फटीएवढ्याच पट्ट्यावर पडतो. अंधाऱ्या खोलीत अशा फोटोत काळा पट्टा येतो, त्यामुळे चूक लगेच पकडली जाते. उन्हात मात्र पट्टा काळा दिसत नाही, कारण बाकीचा भाग उन्हाने उजळलेला असतो. चित्राच्या एका बाजूला फ्लॅश पोचलेलाच नसतो, एवढंच. टोपी उजळलेली आणि छातीवर सावली काळीच, किंवा दोघांपैकी एकाच माणसाचे डोळे उजळलेले दिसले, तर शटर आधी बघा. कॅमेऱ्याशी जुळणारा फ्लॅश असेल तर कॅमेरा स्वतःच शटर अडवतो. जुना फ्लॅश किंवा साधा ट्रिगर असेल तर अडवत नाही.

आणि ऊन कापायचं म्हणून शटर सिंक स्पीडच्या पुढे वाढवण्यात काही मिळत नाही. शटर उन्हाचा उजेड कमी करतं, फ्लॅशचा नाही, कारण फ्लॅश शटर उघडं असतानाच संपून जातो. म्हणून सिंक स्पीडच्या मर्यादेला शटर लावलं की उन्हाच्या तुलनेत फ्लॅश सगळ्यात जोरदार असतो. मर्यादा ओलांडली की हा फायदा संपतो. मागचं धूसर हवं म्हणून एफ २.८ वर जायचंच असेल तर हायस्पीड सिंक नावाची सोय असते. तिच्यात फ्लॅश एका झटक्याऐवजी बारीक बारीक लकेरींत जळत राहतो आणि ताकद बरीच घटते. मग फ्लॅश माणसाच्या जवळ न्यावा लागतो. अडीच मीटरचा हिशेब तिथे लागू होत नाही.

चपट्या चेहऱ्याबद्दल थोडं खरं आहे, ते मान्य करतो. वरच्याच हिशेबात फ्लॅश पूर्ण ताकदीवर मारला तर हनुवटीवर १६ आणि डोळ्यांवर ९ होतात. सावली जवळजवळ नाहीशी होते आणि माणूस पाठीमागच्या कातळावर चिकटवल्यासारखा दिसतो. पण हा दोष जास्त फ्लॅशचा आहे. फ्लॅश ऑटोवर असेल तर फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन उणे १ वर ठेवून पहिला फोटो घ्या, आणि कृत्रिम वाटलं तर उणे २ पर्यंत उतरवा. मॅन्युअलवर असाल तर अंतर सांभाळा. अडीच मीटरवरून सव्वा मीटरवर आलात की पाव ताकदीचाच फ्लॅश चौपट होतो आणि चेहरा नेमका तसाच चपटा पडतो.

एडिटिंगचंही अर्धं कबूल. रॉमध्ये काढलेल्या फोटोत टोपीखालची सावली बरीच उचलता येते. पण सड्यावर एक अडचण आहे. जांभ्यावरून उसळणारा उजेड तांबूस असतो, आणि टोपीच्या खाली मुख्यतः तोच पोचतो. सावली उचलली की हनुवटीखालचा आणि डोळ्यांभोवतीचा तांबूसपणाही तेवढाच उचलला जातो, उरलेला चेहरा मात्र उन्हाच्या रंगाचा राहतो. फ्लॅशचा रंग दिवसाच्या उजेडाच्या जवळचा असल्याने तो ही लाली पातळ करतो. शिवाय बुबुळात जो चमकता ठिपका दिसतो तो स्लायडर ओढून येत नाही. तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूवर परिस्थिती सोपी असते. वाळूच खालून उजेड फेकते, त्यामुळे तिथे फ्लॅश आणखी कमी पुरतो.

टोपी असेल तर फ्लॅश कुठे आहे यालाही महत्त्व आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश डोळ्यांपेक्षा उंचावरून आला तर टोपीचा काठ त्यालाही अडवतो आणि कपाळावर दुसरी सावली पडते. गुडघ्यावर बसा, म्हणजे फ्लॅश काठाच्या खालून डोळ्यांपर्यंत पोचेल. फ्लॅशवरची पांढरी प्लास्टिकची टोपी उघड्यावर काढून ठेवा. खोलीत तिच्यातून पसरलेला उजेड भिंतींवरून परत येतो, सड्यावर भिंत नाही, तो वाया जातो आणि वरचा हिशेब चुकतो. माणसाने चष्मा लावला असेल तर फ्लॅश थोडा बाजूला धरा, समोरून मारलात तर काचेत पांढरा डाग येतो.

बॅटरीचा मुद्दा पूर्ण ताकदीवर खरा आहे, पाव ताकदीवर फारसा नाही. आणि मोबाईलचा दिवा? त्याच्याबाबत मेसेज बरोबर आहे, दुपारच्या उन्हात तो काहीच करत नाही. फोनने काढत असाल तर थर्माकोलचा पांढरा तक्ता किंवा पांढरं धोतर ताणून माणसाच्या छातीखाली, चौकटीच्या बाहेर, उन्हात तिरकं धरायला कुणाला तरी उभं करा.