पंचवीस तास मोकळे, पण काम कधी करायचं?

मी जळगावातून घरूनच काम करतो, कंपनी पुण्याची. मागच्या महिन्यात आई दारात उभी राहून म्हणाली, "दिनभर बोलस, काम कव्हय करस?" मला उत्तरच देता आलं नाही. त्या शुक्रवारी संध्याकाळी गूगल कॅलेंडरचा आठवड्याचा व्ह्यू उघडला, स्क्रीनशॉट काढला आणि वही घेऊन बसलो.

आधी एक सांगतो, स्क्रीनशॉटवरचे डबे बघून अंदाजाने वेळ मोजू नका. पंधरा मिनिटांचा डबा चित्रात मोठा दिसतो, एकावर एक आलेल्या दोन मीटिंगा शेजारी शेजारी बारीक दिसतात आणि आपण त्या दोनदा धरतो. नकार दिलेल्या मीटिंगा पण तिथेच असतात, नावावर रेघ मारलेल्या. मी प्रत्येक मीटिंगवर क्लिक करून सुरू आणि संपायची वेळ वहीत लिहिली, पुढे प्रकार लिहिला. प्रकार ठरवताना मीटिंगचं नाव नाही बघितलं, तिथे खरं काय होतं ते बघितलं, कारण आमच्याकडे 'सिंक' नावाच्या दोन मीटिंगा शुद्ध स्टेटस सांगण्याच्या आहेत.

माझा दिवस दहा ते सात, एक ते दोन जेवण, म्हणजे आठवड्याचे 40 तास. मीटिंगा निघाल्या 15 तासांच्या. स्टेटस साडेतीन तास, क्लायंट कॉल तीन, रोजचा स्टँडअप अडीच, प्लॅनिंग अडीच, इंटरव्ह्यू दोन, सगळ्यांना माहिती देण्याची एक तास आणि मॅनेजरसोबत अर्धा तास. आता हे मॅनेजरला दाखवलं तर ते म्हणणार की 25 तास मोकळे आहेत की भाऊ, अजून काय पाहिजे? आणि बेरीज बघितली तर त्यांचं बरोबरच आहे.

पण मी मग मधल्या फटी मोजल्या आणि खरी गोष्ट तिथे सापडली. रोज दहा ते साडेदहा रिकामा, कारण स्टँडअप साडेदहाला. मग अकरा ते बारा एक तास, बाराला परत मीटिंग. जेवणानंतर दोन ते तीन एक तास, तीनला मीटिंग. असे बहुतेक सगळे तुकडे. त्या 25 तासांत सलग दोन तास किंवा जास्त मिळणारे तुकडे फक्त दोन, सोमवारी दुपारी दोन ते साडेचार आणि मंगळवारी चार ते सात. म्हणजे साडेपाच तास. माझं काम डेटाच्या रिपोर्टचं, चूक कुठे आहे ते शोधायला मागची चार क्वेरी डोक्यात एकदम धरून ठेवावी लागतात, त्यातच अर्धा तास जातो आणि तेवढ्यात घंटा वाजते. तर माझं म्हणणं हे आहे की "मीटिंगा कमी करा" असं मोघम मागू नका, सलग तुकडे किती उरतात ते मागा.

मी दोनच गोष्टी मागितल्या. स्टँडअप साडेदहाऐवजी दहाला, आणि मंगळवार-गुरुवारची बाराची स्टेटस मीटिंग बंद करून तेच आदल्या संध्याकाळी चॅटवर चार ओळीत लिहायचं. एवढ्याने मंगळवारी आणि गुरुवारी साडेदहा ते एक मोकळं झालं. मीटिंगा कमी झाल्या फक्त दोन तासांच्या, पण मोठे तुकडे साडेपाचवरून साडेदहा तासांवर गेले. सकाळचेच तुकडे मुद्दाम मागितले, मे महिन्यात जळगावात दुपारी दोनला कूलर लावून पण डोकं चालत नाही, तेव्हा अवघड काम सकाळीच होतं.

मॅनेजरला पाठवायच्या आधी स्क्रीनशॉटमधली उमेदवारांची आणि क्लायंटची नावं पुसा, हे विसरू नका.

ते हो म्हणाले तरी जागा अडवून ठेवावी लागते, नाहीतर कोणीतरी तिथे मीटिंग टाकतं. आमच्या ऑफिसच्या खात्यात Focus time म्हणून पर्याय आहे, त्यात आपोआप नकार पण लावता येतो, पण मी तो लावला नाही, क्लायंटला आपोआप नकार गेलेला मला चालणार नाही. ब्लॉकला नाव मात्र कामाचं दिलं, "महिन्याचा रिपोर्ट तपासणी" असं. आधी नुसतं "फोकस" लिहिलं होतं तर पहिल्याच गुरुवारी त्यावर इंटरव्ह्यू आला.

कॅलेंडरवरून एक गोष्ट कळत नाही, मीटिंग खरी कधी संपली ते. आमचा अर्ध्या तासाचा स्टँडअप मागच्या आठवड्यात तीन दिवस दहा चाळीसपर्यंत गेला, म्हणजे ब्लॉकमधली दहा मिनिटं गेली. आता रोज संपायची वेळ वहीत लिहितोय, महिना झाला की तो कागद घेऊन परत बोलणार आहे. धुळ्याचा आमचाच एक टीममेट त्याचा आठवडा मोजतोय, त्याच्याकडे इंटरव्ह्यू माझ्या दुप्पट आहेत, त्याचे तुकडे किती उरतात ते बघायचंय.